कोरा रकाना

आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला घरात दिवा लागला की सगळे हात जोडत. परवा आमच्या मोटारीत दिवा लागला तेव्हा मीही हात जोडले, पण त्यात भक्तिभाव कमी आणि भीती जास्त होती.

दिवा पिवळ्या रंगाचा होता. चित्र इंजिनाचं आहे असं मोटार बनवणाऱ्यांचं म्हणणं. आमच्या सौभाग्यवतींना मात्र ते पाण्याच्या नळासारखं दिसलं. "अहो, गाडीत पाणी कधी येतं तेसुद्धा दाखवतात वाटतं!" त्या म्हणाल्या. पुण्यात राहणाऱ्या माणसाला नळाचं चित्र दिसलं की दुसरं काही सुचत नाही, त्याला इलाज नाही.

घरी येऊन मी गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढलं. नऊ वर्षांत ते पहिल्यांदाच उघडत असल्यामुळे पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्यात लिहिलं होतं, की तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर आहात तिथे थांबा आणि इंजिन बंद करा. इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला तर वेग कमी करा आणि गाडी लगेच दाखवा. पण पिवळा दिवा नुसता लागून राहिला, तर घाबरू नका, सवडीने वर्कशॉपमध्ये न्या. आमचा दिवा शेवटच्या जातीचा, म्हणजे शांतपणे तेवणारा होता. घाबरू नका हे पुस्तकाला सांगायला सोपं आहे. पुस्तकाला बिल येत नाही.

वर्कशॉपमध्ये एक हसतमुख तरुण पुढे आला. त्याने स्टिअरिंगच्या खालच्या खाचेत स्कॅनर खुपसला, पडद्याकडे बघितलं, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, कॅट-कॉन गेलाय. नवीन टाकावा लागेल. चोपन्न हजार, लेबर वेगळं. तुम्ही हो म्हणालात तर उद्या संध्याकाळपर्यंत गाडी देतो."

कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी मंडईत पंधरा मिनिटं हुज्जत घालतो. पण इथे मी गंभीरपणे मान डोलवत "अच्छा, कॅट-कॉन!" असं म्हणालो. जणू आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कॅट-कॉनच जात आले आहेत. आपल्याला न समजणारा शब्द कुणी ठामपणे उच्चारला, की आपल्याला तो समजला आहे हे दाखवण्याची फार घाई होते. कितीतरी चोपन्न हजार या घाईतच जात असावेत.

आमच्याजवळ साठ हजार होते, पण ते केरळचे होते. म्हणजे लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला केरळला जायचं म्हणून सौभाग्यवतींनी तीन वर्षं साठवलेले. त्याआधी विसाव्या वाढदिवसाचं केरळ गच्चीच्या गळतीत आणि पंचविसाव्याचं माझ्या दाढेत गेलं होतं. मी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

आमच्या सौभाग्यवतींनी अठ्ठावीस वर्षं हिशेबतपासणीच्या खात्यात काढली आहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"लिहून दिलंय का त्यांनी?"

"अगं, एस्टिमेट दिलंय ना!"

"एस्टिमेट म्हणजे किती पैसे हवेत ते. का हवेत ते कुठे आहे? आक्षेप, तपासणी आणि शिफारस असे तीन रकाने भरून मागा. त्याशिवाय सही करायची नाही."

आमचा भाचा चाकणला मोटारींच्या कारखान्यात आहे. पुढचा फोन त्याला. तो म्हणाला, "मामा, त्यांना कोड उडवू देऊ नका. आधी कोडचा आकडा सांगा." मी त्या तरुणाकडून पडद्यावरचा आकडा उतरवून घेतला. तो होता P0420.

यानंतर भाच्याने जे सांगितलं ते मला समजलं, म्हणजे तुम्हाला नक्कीच समजेल. धूर बाहेर जाण्याच्या नळीत एक डबा असतो. विषारी धूर त्यातून जाताना बराचसा निरुपद्रवी होतो. हाच तो कॅट-कॉन. आमच्या गाडीत त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर आहेत. धुरात प्राणवायू किती आहे ते हे दोघे हुंगतात. पुढचा सेन्सर सतत वर-खाली नाचतो. डबा नीट काम करत असेल तर मागचा बऱ्यापैकी स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला, की गाडीतल्या कॉम्प्युटरला संशय येतो आणि तो P0420 लिहून दिवा लावतो. "या कोडचा अर्थ एवढाच, की डब्याचं काम ठरलेल्या पातळीच्या खाली दिसतंय. 'दिसतंय' म्हटलंय, मामा. डबा बदला असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मागच्या सेन्सरच्या आसपास नळीचा सांधा गळत असला आणि बाहेरची हवा आत शिरली, तरी तो असाच नाचतो."

म्हणजे कोड ही तक्रार होती, निकाल नव्हता. चाळीत "वरच्या मजल्यावर धपधप आवाज येतो" अशी तक्रार आली म्हणून कुणी वरचा मजला पाडत नाही. आधी जिना चढून बघतात.

मी विजेच्या बिलाच्या पाठीवर तीन रकाने आखले. पहिल्यात कोणते कोड, सगळेच्या सगळे, आणि दिवा लागला त्या क्षणी गाडीची काय स्थिती होती ते. कॉम्प्युटर त्या क्षणाचा वेग, इंजिनाची उष्णता वगैरे टिपून ठेवतो, पण कोड उडवला की हा पंचनामाही पुसला जातो. भाच्याची धडपड त्यासाठी होती. दुसऱ्या रकान्यात स्कॅनर लावण्यापलीकडे काय तपासलं आणि काय आढळलं. तिसऱ्यात त्यावरून काय करावं, आणि करूनही दिवा पुन्हा लागला तर पुढे काय.

तो कागद त्या तरुणापुढे धरताना माझा हात थोडा थरथरत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "सर, असं आम्ही कुणालाच देत नाही. तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" या प्रश्नाला मध्यमवर्गीय माणसाकडे उत्तर नसतं. मी "छे छे, विश्वास आहेच, पण घरी..." एवढं म्हणून केविलवाणा हसलो. 'घरी' हा शब्द ऐकून आतून एक वयस्क फोरमन हात पुसत आला. तोही संसारी असावा.

त्याने कागद वाचला. पहिला रकाना त्याने स्कॅनरवर बघून तिथल्या तिथे भरला. कोड एकच, P0420. वेग ताशी ६८ किलोमीटर, इंजिन पुरेसं तापलेलं, उष्णता ९१ अंश. मग त्याचं पेन दुसऱ्या रकान्यावर आलं आणि थांबलं. तिथे लिहिण्यासारखं काही झालंच नव्हतं. तो थोडा वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला, मग म्हणाला, "साहेब, गाडी रात्रभर राहू द्या. सकाळी गार इंजिनावर बघतो. तुम्हीपण या."

सकाळी आठला गाडी लिफ्टवर चढली होती. गारच का, हे त्याने न विचारता सांगितलं. नळी तापली की लोखंड फुगून बारीक फट मिटते, मग गळती सापडत नाही. त्याने इंजिन चालू करायला लावलं आणि मला खाली बोलावलं. डब्याच्या मागे, दुसऱ्या सेन्सरच्या जरा अलीकडे नळीचा सांधा होता. तिथून टिक्‌ टिक्‌ असा आवाज येत होता, आणि सांध्याभोवती काजळीचा काळा डाग होता. डोळ्यांत काजळ घातलेल्या तान्ह्या बाळाने ते चोळावं तसा. "पॅकिंग गेलंय," तो म्हणाला. "धूर धक्क्याधक्क्यानं बाहेर जातो. दोन धक्क्यांच्या मधे इथून हवा आत ओढली जाते, आणि हा सेन्सर फसतो."

पॅकिंग बदललं. इंजिन तापू दिलं आणि त्याने मला पडद्यावर मागच्या सेन्सरची रेघ दाखवली. आदल्या दिवशी ती ०.२ ते ०.८ व्होल्टच्या मधे उड्या मारत होती. आता ०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ चालली होती. आयुष्यात एखादी सरळ रेघ बघून मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही. शाळेत भूमितीच्या तासालाही नाही.

मग त्याने उरलेले दोन रकाने भरले. अक्षर किरटं होतं, पण मजकूर मोलाचा होता. 'सांध्याचं पॅकिंग बदललं. मागचा सेन्सर स्थिर. कॅट-कॉन सध्या बदलू नये. ३०० किलोमीटरनंतर परत दाखवणे. पॅकिंग ठीक असूनही कोड आला आणि सेन्सर तसाच नाचला, तर कॅट-कॉन खराब समजावा.' बिल झालं १,८५० रुपये. त्यात तपासणीचे ९०० होते, आणि ते मी हुज्जत न घालता दिले. कुणी वाकून बघितलं याचे ते पैसे होते.

निघताना तो म्हणाला, "साहेब, पुष्कळदा डबा खरंच गेलेला असतो बरं का. पण तोसुद्धा उगाच जात नाही. इंजिन तेल खात असतं, नाहीतर स्पार्क चुकत असतो आणि कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन जळतं. ते कारण न शोधता नवीन टाकला, तर नवीनही तसाच जातो." मी विचारलं, मग काल चोपन्न हजार कसे सांगितलेत? तो अवघडला. "दिवसाला चाळीस गाड्या. पोरगं कोड बघतं आणि पार्टचं नाव सांगतं. गिऱ्हाईकही तेच विचारतं, किती आणि कधी. लबाडी नव्हती हो. पण तो कोरा रकाना बघून हात पुढं जाईना."

त्यावर माझा विश्वास बसला. मलाही काल 'किती' आणि 'कधी' एवढंच विचारायचं होतं.

त्यानंतर गाडी ४०० किलोमीटर चालली. दिवा लागलेला नाही. परत दाखवली तेव्हा कोडही नव्हता. तो कागद सौभाग्यवतींनी पंच करून फाईलमध्ये लावला आहे, आणि त्याच्यामागे केरळची तिकिटं.

या पद्धतीचा एक तोटा मात्र पुस्तकात दिलेला नाही. मागच्या रविवारी माझा चष्मा सापडेना. घरात वस्तू जागेवर राहत नाहीत, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. सौभाग्यवतींनी काही न बोलता एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर तीन रकाने आखलेले होते. पहिला मी तावातावाने भरला, 'चष्मा कुणीतरी हलवला.' दुसऱ्या रकान्यावर, म्हणजे तपासणीवर, माझं पेन थांबलं. कोऱ्या जागेकडे बघत मी सवयीने कपाळावर हात नेला.

चष्मा तिथेच होता.