गुलाम म्हणजे मुलगा

कोथरूडच्या आमच्या घरी मगरिबनंतर सगळे मिळून कुरआन वाचतो. सूरह मरियममध्ये हजरत जकरिया (अ.स.) यांना म्हातारपणी 'गुलाम' होण्याची खुशखबर मिळते, तिथे आमची लेक अडली. "अब्बा, त्यांनी तर वारस मागितला होता, मग गुलाम कसा मिळाला?"

अरबीत 'गुलाम' म्हणजे मुलगा, पोरगा. आम्ही तिला पुढचीच आयत दाखवली. पत्नी वांझ असताना मला गुलाम कसा होईल, असे ते विचारतात. दास हवा असता तर वांझपणाची अडचण कशाला आली असती? सूरह यूसुफमध्येही पाणक्या विहिरीत पोहरा सोडतो आणि 'गुलाम' सापडला म्हणून हरखतो. त्याला दिसला तो मुलगाच. काही दिरहमांना विक्री झाली ती नंतर. मालकीच्या दासासाठी कुरआनचा शब्द वेगळा आहे, 'अब्द'.

मग अर्थ सरकला कसा? घरकाम करणाऱ्या पोरालाही अरबीत 'गुलाम' म्हणत. आपल्या हॉटेलातला 'पोऱ्या' असाच. मिसरूड पिकली तरी पोऱ्याच! फारसीत दास हाच अर्थ पक्का झाला आणि तोच मराठीत आला. याच पुण्याच्या महात्मा फुल्यांच्या १८७३ सालच्या 'गुलामगिरी'चे नाव त्याच अर्थाने आहे.

मात्र 'गुलाम रसूल' या आपल्याकडच्या नावाला अरबी अर्थ लावून चालत नाही. तिथे फारसीच धरावी लागते: रसूलांचा चाकर.