‘मानधन योग्यतेनुसार’ म्हणजे नेमकं किती, आणि कुणाला?

मराठी माध्यमांतल्या नोकरीच्या जाहिराती मी आता हौसेने वाचते. सत्तावीस वर्षं दैनिकात काढल्यावर हा एक छंद उरतो. ‘उपसंपादक हवेत. बातमी लेखन, व्हिडिओ एडिटिंग, सोशल मीडिया येणं आवश्यक. पूर्णवेळ. मानधन योग्यतेनुसार.’ या चार ओळींत मला खटकतात ते फक्त दोन शब्द. पूर्णवेळ आणि मानधन. पूर्णवेळ काम करणाऱ्याला पगार मिळतो. मानधन व्याख्यात्याला मिळतं, परीक्षकाला मिळतं, रविवारी एक सदर लिहिणाऱ्याला मिळतं. हे दोन शब्द एका जाहिरातीत आले की समजावं, वेळ नोकराचा घ्यायचा आहे आणि पैसे पाहुण्याचे द्यायचे आहेत.

हे आज लिहायचं कारण म्हणजे मैत्रिणीच्या लेकीला गेल्या महिन्यात आलेल्या दोन ऑफरी. मुलगी सांगलीची, पत्रकारिता करून पुण्यात तीन वर्षं काम केलेली. पहिली ऑफर एका मराठी न्यूज पोर्टलची, महिना ३५,००० रुपये ‘रिटेनरशिप’. दुसरी एका दैनिकाच्या डिजिटल डेस्कची, ३०,००० सीटीसी, नोकरी. फोनवर तिचा पहिलाच प्रश्न, “मावशी, पाच हजार जास्त आहेत ना, मग यात विचार काय करायचा?” मी म्हटलं, दोन्ही कागद पाठव.

रिटेनर हा प्रकार मुळात वाईट नाही, हे आधी सांगते. वकिलाला कंपनी दरमहा ठरलेली फी देते, की गरज पडली तर तुम्ही आमच्यासाठी उपलब्ध असा. वकील बाकीची अशिलं सोडत नाही, कंपनीच्या दारात पंचिंगही करत नाही. आमच्याकडे एक व्यंगचित्रकार होते. महिन्याला ठरलेली चित्रं, ठरलेली रक्कम, चित्रं घरून यायची आणि तेच गृहस्थ दोन दिवाळी अंकांना आणि एका साप्ताहिकालाही चित्रं द्यायचे. हा खरा रिटेनर. त्यात कुणाचीच फसवणूक नाही.

पोर्टलचा करार सहा पानी, इंग्रजीत. पहिल्याच पानावर लिहिलंय की या करारातून मालक-नोकर असं कोणतंही नातं तयार होत नाही. ती ‘स्वतंत्र सल्लागार’. आणि चौथ्या पानावर? आठवड्याचे सहा दिवस, रोज नऊ तास, ऑफिसात हजेरी बायोमेट्रिकवर. शिफ्ट संपादक ठरवणार. दुसरीकडे कुठेही, कोणत्याही नावाने, एक ओळ लिहायची नाही. तिला सोडायचं असेल तर साठ दिवसांची नोटीस, कंपनीला काढायचं असेल तर सात दिवसांची. मुदत अकरा महिने. भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा आणि भाडं भरणाऱ्या मुलीचाही अकराच महिन्यांचा! घरमालक आणि संपादक एकाच वकिलाकडे जातात की काय कोण जाणे.

म्हणून माझी पहिली सवय अशी, की पदाचं नाव वाचायचंच नाही. कामाचा ताबा कुणाकडे आहे ते वाचायचं. वेळ कोण ठरवतं, ‘नाही’ म्हणता येतं का, दुसऱ्याचं काम घेता येतं का, काम बिघडलं तर पुन्हा करायला कोण लावतं. कोर्टंही साधारण हेच बघतात. सुप्रीम कोर्टाचा १९७३ चा एक निकाल शिंप्यांचा आहे, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा. ते शिंपी नगावर पैसे घ्यायचे, वेळेचं बंधन फारसं नव्हतं, तरी कोर्टाने त्यांना नोकरच मानलं. कपडा कसा शिवायचा हे दुकान सांगत होतं, शिलाई पसंत नसेल तर उसवून पुन्हा शिवायला लावत होतं, आणि बहुतेक मशिनंही दुकानाचीच होती. नगाच्या जागी बातमी घाला, मशिनच्या जागी पोर्टलचं पब्लिशिंग सॉफ्टवेअर घाला. फार काही बदलत नाही.

आता पैसे. इथे मी तिला कागद-पेन घ्यायला लावलं.

नोकरीच्या ३०,००० मध्ये मूळ पगार १५,०००. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२०, हे दोन्ही सीटीसीतच धरलेलं. उरले साधारण २७,४८०. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात जवळजवळ २५,५०० येतात. पण तिच्या नावावर दरमहा ३,६०० वेगळे जमा होतात. (कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनकडे जातात, ते लगेच दिसत नाहीत, पण असतात.) म्हणजे हातातले आणि साठलेले मिळून २९,०००च्या वर. ग्रॅच्युइटी मी मोजलीच नाही, ती टिकलं तर.

रिटेनरचे ३५,०००. त्यातून दहा टक्के टीडीएस कापून ३१,५०० येणार. हे कापलेले पैसे बुडत नाहीत. तिच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर बसत नाही, रिटर्न भरलं की परत मिळतील. फक्त वर्षभर ते सरकारकडे अडकून राहतील आणि रिटर्न भरायचं विसरली तर तिथेच राहतील. खरी गळती पुढे आहे. फिरतीचं पेट्रोल तिचं, अंदाजे ३,०००. फोन-इंटरनेट ८००. लॅपटॉप आणि माइक स्वतःचा, त्याची झीज आणि दुरुस्ती १,५०० धरा. आरोग्य विमा स्वतः काढायचा, १,०००. झाले ६,३००. दैनिकाच्या नोकरीत फिरती बिलावर मिळते, लॅपटॉप ऑफिसचा आणि गटविमा आहे.

शिवाय अकरा महिने. बारावा महिना ‘रिन्युअल प्रोसेस’मध्ये जातो आणि त्याचे पैसे नसतात, हे तिथल्याच एकीने तिला सांगितलं होतं. ३५,००० गुणिले अकरा, ३,८५,०००. खर्च ६९,३००. उरले ३,१५,७००. बारा महिन्यांवर पसरले की महिन्याला सुमारे २६,३००. आजारपणाची रजा घेतली तर त्या दिवसाचे पैसे कापणार, ते यात धरलेलं नाही.

पाच हजार जास्त असलेली ऑफर महिन्याला जवळपास तीन हजारांनी कमी निघाली. ती थोडा वेळ काही बोललीच नाही.

पण मला पैशांपेक्षा जास्त भीती पाचव्या पानाची वाटली. प्रसिद्ध झालेल्या मजकुरावरून कुणी कंपनीला नोटीस पाठवली किंवा दावा लावला, तर वकिलाच्या फीसकट सगळा खर्च ‘सल्लागार’ भरून देईल. सल्लागार म्हणजे ही, तेवीस... नाही, आता चोवीस वर्षांची मुलगी. आणि बातमी ऑफिसात कशी चालते हे आपल्याला ठाऊक आहे. बातमीदार म्हणतो ‘आरोप’, डेस्क त्याचा ‘घोटाळा’ करतो आणि सोशल मीडियावाला थंबनेलवर माणसाच्या फोटोभोवती लाल गोल काढतो. नोटीस येते ती त्या लाल गोलामुळे. तिने विचारलं, “मथळा मी दिलेला नसला तरी मीच भरायचे?” कागदाप्रमाणे, होय.

आणि एक कलम हक्कांचं. तिने लिहिलेलं, टिपलेलं, न वापरलेलं कच्चं सामानसुद्धा कायमचं आणि जगभरासाठी कंपनीचं. यातली गंमत अशी, की आपल्या कॉपीराइट कायद्यात वर्तमानपत्र-मासिकाच्या पगारी नोकराला याहून बरी वागणूक आहे. वेगळा करार नसेल तर मालकाला त्याचं लेखन किंवा फोटो नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मिळतो, पुस्तक वगैरे बाकीचे हक्क लेखकाकडेच राहतात. बाहेरून लिहिणाऱ्याचे हक्क तर लेखी दिल्याशिवाय जातच नाहीत, आणि लेखी देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे ‘स्वतंत्र’ म्हणवणाऱ्या या मुलीकडून नोकराहूनही जास्त काढून घेणं चाललं होतं, तेही एका सहीवर.

मी तिला ‘नको’ असं सांगितलं नाही. चार प्रश्न मेलवर विचारायला सांगितले. हजेरी आणि शिफ्ट राहणार असेल तर पीएफसकट नेमणूकपत्र द्याल का? नसेल द्यायचं तर बाहेर लिहायची मोकळीक द्याल का? डेस्कने पास केलेल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी कंपनी घेईल का? न वापरलेलं साहित्य माझ्याकडे राहील का? एचआरचं उत्तर मेलवर आलं नाही, फोन आला. “अगं हे सगळं फॉरमॅटचं असतं, कुणी लावत नाही. जॉइन हो, आपण बोलून घेऊ.” कुणी लावत नसेल तर खोडायला अडचण काय, असं तिने नम्रपणे विचारलं. त्यावर “टीमशी बोलून सांगते” आलं, आणि पुढे काहीच नाही. तिने दैनिकाची नोकरी घेतली. तिथेही सगळं गोड नाही, रात्रपाळी आहे आणि पगार फार वाढणार नाही हे तिला माहीत आहे.

काही जण म्हणतील, प्रश्न विचारण्याइतकी दुसरी ऑफर प्रत्येकाकडे कुठे असते? खरं आहे. तालुक्याच्या वार्ताहराकडे तर कागदही नसतो. ओळखपत्र असतं, बातमीमागे किरकोळ पैसे असतात आणि वाढदिवस-पुरवण्यांच्या जाहिरातींचं टार्गेट असतं. ज्या पुढाऱ्याची बातमी करायची त्याच्याकडेच जाहिरात मागायची. त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

पण ज्यांनी असा करार सही करून टाकलाय, त्यांच्यासाठी एक गोष्ट. मजिठिया वेतन आयोगाच्या प्रकरणात १९ जून २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की वृत्तपत्रांतल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना आयोगाच्या लाभांतून वगळता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमंही आली आहेत, आणि नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. कंपनी अर्थातच म्हणणार, हा आमचा कर्मचारीच नाही. तेव्हा उपयोगी पडतो तो आपल्याकडचा कागद. शिफ्टचा तक्ता, ‘उद्या सकाळी सातला ये’ हा ग्रुपवरचा मेसेज, रजेचा अर्ज आणि त्यावरचं उत्तर, ऑफिसचा मेल आयडी, दरमहा त्याच तारखेला जमा झालेली तीच रक्कम. हे सगळं आपल्या खासगी मेलवर वेळच्या वेळी ठेवत चला. काढल्याच्या दिवशी ऑफिसचा मेल दुपारी बंद होतो आणि ग्रुपमधून संध्याकाळपर्यंत नाव गेलेलं असतं.