हिरवा चुडा पिवळट का दिसला

फोटो मोबाइलवर फिका दिसला तर दोष मोबाइलचा, असं मी लग्नाच्या गिऱ्हाइकांना कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. कॅमेऱ्यात आणि एक्सपोर्ट करतानाही मी अ‍ॅडोबी आरजीबी लावायचो. १९९८ सालचं हे कलर प्रोफाइल १९९६ मध्ये मांडलेल्या एसआरजीबीपेक्षा जास्त रंग सामावतं, विशेषतः हिरव्या आणि निळसर हिरव्या छटा. रंग जास्त म्हणजे फोटो सरस, असं माझं सरळ गणित होतं.

मग एका वधूच्या आईंनी विचारलं, "अहो, हिचा चुडा असा पिवळट का दिसतोय?" मी घरी जाऊन सॅच्युरेशन वाढवलं. त्यांच्या मोबाइलवर बांगड्या जरा सुधारल्या, पण मुलीचा चेहरा नारिंगी झाला आणि माझ्या स्क्रीनवर तर सगळंच भडक.

मला न कळलेली गोष्ट अशी, की फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. ते कसे वाचायचे हे प्रोफाइल सांगतं. एसआरजीबीतला शुद्ध हिरवा म्हणजे लाल ०, हिरवा २५५, निळा ०. तोच रंग अ‍ॅडोबी आरजीबीत साधारण १४४, २५५, ६० असा लिहावा लागतो. फोटो पाठवताना मेसेजिंग अ‍ॅपने प्रोफाइल गाळलं. प्रोफाइल नसलेली फाइल मोबाइलने रिवाजाप्रमाणे एसआरजीबी समजून वाचली. म्हणजे लालाचे ते १४४ खरेच लाल म्हणून हिरव्यात मिसळले, आणि चुडा पिवळट झाला. शालूचा लालही असाच उतरला: २५५ च्या जागी २१९. मोबाइल बिचारा निर्दोष होता.

यावर फोटोशॉपमध्ये मी `Assign Profile` ने एसआरजीबी लावलं, तर चुडा माझ्याच स्क्रीनवर पिवळट! ही चूक होती, पण पुरावाही तोच. ही आज्ञा आकडे तसेच ठेवते आणि त्यांचा अर्थ बदलते. हवी होती `Convert to Profile`. ती आकडे बदलते, रंग राखते. त्यानंतर एक्सपोर्ट करताना प्रोफाइल फाइलसोबत ठेवलं. आता वाटेत ते गळलं तरी बिघडत नाही.

फुकट मात्र काही नाही. करवलीच्या मोरपंखी ब्लाउजचा रंग एसआरजीबीत मावलाच नाही. सगळ्या गडद छटा एकाच कडेला चिकटल्या आणि विणीचा पोत सपाट झाला. `Perceptual` निवडून फरक पडेल असं वाटलं होतं, पण नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलमध्ये त्यासाठीचा तक्ताच नसतो. तेवढ्या भागाचं सॅच्युरेशन आधी हाताने उतरवलं, तेव्हा वीण परत दिसली.

कॅमेऱ्यातल्या ज्या सेटिंगचा मला एवढा अभिमान, ती रॉ फाइलच्या डेटाला लागूच होत नाही. ती फक्त जेपेगसाठी असते. आणि मी लग्नं पहिल्यापासून रॉमध्येच काढतो.