दोन भेटींमधला दात

आईचा खालचा डावा दाढदात, रूट कॅनाल झालेला. ताई लातूरला राहते म्हणून डॉक्टरही तिथलेच. माप घेऊन झालं, तात्पुरती कॅप बसली आणि आई अहमदपूरमार्गे नांदेडला परतली. पक्की कॅप दहा दिवसांनी. मध्ये संक्रांत.

तात्पुरती कॅप ॲक्रेलिकची असते आणि मुद्दाम कच्च्या सिमेंटने चिकटवतात, कारण ती पुन्हा काढायची असते. म्हणून चिकट आणि कडक खाणं बंद, चावणं दुसऱ्या बाजूने. ब्रश मात्र रोज करायचा. फ्लॉस वापरलात तर दोरा वर ओढू नका, बाजूने सरकवून काढा. वर ओढला की कॅपही येते.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "तोंडाला कसलीतरी घाण चव येतीय." दुखत काहीच नव्हतं, आणि खरी अडचण हीच. रूट कॅनालमध्ये दातातली नस काढलेली असते, त्यामुळे कॅप सैल झाली तरी दात ओरडत नाही. चव, वास किंवा जिभेला लागणारी हालचाल, एवढ्याच खुणा. संध्याकाळी तिळाच्या वडीबरोबर कॅप हातात आली.

दादाने फेव्हिक्विक काढलं. ताई फोनवरूनच ओरडली, "हात लावू नको!" तो गोंद तोंडात वापरायचा नसतो, आणि वाकडी चिकटलेली कॅप नीट निघतही नाही. आम्ही कॅप धुऊन डबीत ठेवली. डॉक्टर म्हणाले, तारखेची वाट बघू नका, उद्याच या. मोकळ्या जागेकडे शेजारचे आणि वरचे दात हळूहळू सरकतात. मग मापाने बनलेली पक्की कॅप बसतच नाही.

कॅप परत बसवतानाच पक्की कशाची करायची हे ठरलं. आई म्हणाली, "मागचा दात कोण बघतंय? धातूचीच करा." तिचं चूक नव्हतं. धातूची कॅप पातळ चालते, दात कमी घासावा लागतो, ती तुटत नाही. मेटल-सिरॅमिकमध्ये आत धातू आणि वर पोर्सिलेनचा थर असतो. दिसते दातासारखी, पण थराचा टवका उडू शकतो आणि हिरडी सरकली की काठाशी काळसर रेघ दिसते.

मग डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, खोट्या कानातल्यांनी कान खाजतात का?" खाजायचे, चिघळायचेसुद्धा. अशा दागिन्यांत बहुधा निकेल असतं, आणि स्वस्त धातूच्या कॅपमध्ये, तसंच मेटल-सिरॅमिकच्या आतल्या धातूतही, बऱ्याचदा तेच. म्हणून झिरकोनिया.

झिरकोनियाची अख्खी कॅप एकाच ठोकळ्यातून मशीनवर कोरतात आणि भट्टीत भाजतात. भाजताना ती आक्रसते, म्हणून आधी मोठी कोरतात. वर वेगळा थर नसल्याने टवक्याची भीती कमी. पण बसवल्यावर उंच लागली आणि घासली, तर तो भाग पुन्हा गुळगुळीत करावाच लागतो. खरखरीत राहिला तर समोरचा दात झिजवतो.

आईची निळ्या कागदावर एका जागी उंच निघाली. डॉक्टरांनी घासली, पॉलिश केली. तीन तासांच्या प्रवासानंतर ही शेवटची पाच मिनिटं घाईत उरकू देऊ नयेत.