फुग्याचे तीन वेग

पंपाने हवा भरली जात असताना गोल फुग्याकडे टक लावून पाहावे. सुरुवातीला तो डोळ्यांदेखत मोठा होतो आणि मग त्याची वाढ जणू थकते. पंप तोच असतो, हात तोच असतो आणि दर खेपेला आत जाणारी हवाही तेवढीच असते. फुगा मात्र आळसावल्यासारखा दिसतो. यावरून गोल वस्तूच्या स्वभावातच मंदावणे आहे, असा निष्कर्ष सहज निघतो आणि पुष्कळदा तसाच मनात राहून जातो. तो निष्कर्ष चूक आहे, असे मला म्हणायचे आहे. गोल स्वतः मंदावत नाही आणि वेगावतही नाही. त्रिज्या, पृष्ठफळ आणि घनफळ यांनी एकमेकांशी कोणत्या प्रमाणात वाढायचे, एवढेच तो ठरवतो. ती वाढ घड्याळाच्या काट्याशी कशी जुळायची, हे हवा भरणारा ठरवतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की ‘फुगा किती वेगाने फुगतो?’ हा साधा प्रश्न अडचणीचा होतो, कारण त्याला एक नव्हे तर तीन उत्तरे असतात.

आधी हिशेब मांडू. पंप दर सेकंदाला १०० घनसेंटिमीटर हवा आत ढकलतो असे धरू. गोलाचे घनफळ V = (4/3)πr³ आणि पृष्ठफळ S = 4πr². घनफळाच्या सूत्राचे काळाच्या संदर्भात अवकलन केले की dV/dt = 4πr² · dr/dt मिळते. म्हणजे घनफळ वाढण्याचा वेग हा पृष्ठफळ आणि त्रिज्या वाढण्याचा वेग यांचा गुणाकार असतो. त्रिज्या ५ सेंटिमीटर असताना पृष्ठफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर असते. १०० ला ३१४ ने भागले की त्रिज्येचा वेग सेकंदाला ०.३२ सेंटिमीटर, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडा जास्त येतो. हा वेग डोळ्याला सहज दिसतो. त्रिज्या १० झाली की पृष्ठफळ चौपट होते आणि वेग ०.०८ वर येतो. २० झाली की तो ०.०२, म्हणजे सेकंदाला मिलिमीटरचा पाचवा भाग उरतो आणि डोळ्याला फुगा थांबल्यासारखा वाटतो. पंपाने कुठेही हयगय केलेली नाही. तेवढीच हवा आता सोळापट मोठ्या अंगावर पसरावी लागते, एवढाच फरक झाला आहे.

त्या गुणाकारात पृष्ठफळच का यावे, हे सूत्राशिवायही दिसते. नवी हवा आत गेल्यावर गोलावर एक पातळ थर चढला, अशी कल्पना करावी. कांद्याच्या पापुद्र्यासारखा हा थर सगळीकडे सारख्या जाडीचा असतो. त्याचे घनफळ म्हणजे पसारा गुणिले जाडी. पसारा हे पृष्ठफळ आणि जाडी ही त्रिज्येतली वाढ. कोणी आक्षेप घेईल की थराची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा मोठी असते, मग हा गुणाकार नेमका कसा? आक्षेप रास्त आहे आणि तो मोजून पाहता येतो. त्रिज्या १० वरून ११ सेंटिमीटर झाली तर खरी वाढ सुमारे १३८६ घनसेंटिमीटर, तर पसारा गुणिले जाडी सुमारे १२५७. फरक दहा टक्क्यांच्या आसपास पडतो आणि तो काही लहान म्हणता येणार नाही. पण थर एक मिलिमीटरचा घेतला की खरी वाढ १२६.९ आणि गुणाकार १२५.७, म्हणजे फरक एका टक्क्यावर येतो. थर आणखी दहापट पातळ केला की तो एका टक्क्याच्या दहाव्या भागावर येतो. थर जितका पातळ, तितकी चूक त्याच प्रमाणात कमी होत जाते. वेग म्हणजे त्या क्षणाचा वेग, म्हणजे हव्या तितक्या पातळ थराचा वेग. म्हणून वेगाच्या समीकरणात ही चूक उरत नाही. एक सेंटिमीटरच्या उडीला मात्र हे समीकरण जसेच्या तसे लावू नये.

इथे एक जुने सूत्र मोठी मौज करते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त गोलाचे पृष्ठफळ चेंडूभोवती विणलेल्या जाळ्याच्या उपमेने सांगितले आहे. त्याला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ मिळते, असाही नियम तिथे आहे. व्यासाऐवजी त्रिज्या घेतली तर घनफळ = पृष्ठफळ × त्रिज्या ÷ ३. यावरून एखादा विद्यार्थी म्हणेल, ‘मग त्रिज्या वाढली की घनफळ पृष्ठफळाच्या एक तृतीयांश हिशेबाने वाढायला हवे. तुम्ही पूर्ण पृष्ठफळ कसे घेता?’ प्रश्न चलाख आहे आणि त्यातली चूक बोधप्रद आहे. त्याने त्रिज्येला हलू दिले, पण पृष्ठफळाला जागच्या जागी बांधून ठेवले. फुग्यात दोन्ही एकदम वाढतात. त्रिज्या वाढल्याने एक तृतीयांश मिळते आणि पृष्ठफळ वाढल्याने उरलेले दोन तृतीयांश. दोन्ही मिळून पूर्ण पृष्ठफळ होते. वर्गात याच चुकीचे दुसरे रूप सर्रास दिसते. ‘त्रिज्या १० असताना वेग काढा’ असे वाचले की काहीजण अवकलनाच्या आधीच सूत्रात १० घालून मोकळे होतात. मग घनफळ ही एक स्थिर संख्या बनते आणि स्थिर संख्येचा वेग शून्य. चालत्या गाडीचा फोटो काढून त्यात वेग शोधावा, तसे हे झाले. आधी संबंध चालता ठेवून अवकलन करायचे आणि मगच विशिष्ट क्षणाचा आकडा भरायचा, हा क्रम उलटला की उत्तर बुडाले.

आता तिसरा वेग. पृष्ठफळाचे अवकलन केले की dS/dt = 8πr · dr/dt, आणि त्यात वरचा निकाल घातला की ते (2/r) · dV/dt होते. आपल्या पंपासाठी त्रिज्या ५ असताना पृष्ठफळ सेकंदाला ४० चौरस सेंटिमीटरने वाढते, १० असताना २० ने आणि २० असताना १० ने. म्हणजे घनफळाचा वेग स्थिर आहे, पृष्ठफळाचा निम्मा निम्मा होतो आणि त्रिज्येचा चौथाई चौथाई. एकाच फुग्याच्या या तीन कहाण्या असल्या, तरी त्यांच्या मुळाशी एक न बदलणारी गोष्ट आहे. वाढ सेंटिमीटरमध्ये न मोजता टक्क्यांत मोजावी. त्रिज्या १० असताना ती सेकंदाला सुमारे ०.८ टक्क्याने वाढते, पृष्ठफळ १.६ टक्क्यांनी आणि घनफळ २.४ टक्क्यांनी. प्रमाण एकास दोन, दोनास तीन. त्रिज्या ५ घ्या, २० घ्या, पंप जोरात चालवा, हळू चालवा, हे प्रमाण ढळत नाही. गोलाचा स्वभाव म्हणायचा तो एवढाच.

हे म्हणणे खरे की नुसते मांडणीचे, याचा कस लावायचा तर असा फुगा शोधायला हवा ज्यात कोणी हवा भरत नाही. असा फुगा हवामान खात्याकडे असतो. वरच्या हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारे यंत्र बांधून हायड्रोजन किंवा हेलियमचा रबरी फुगा आकाशात सोडतात. तो सेकंदाला साधारण पाच मीटरने चढतो. आतला वायू तेवढाच राहतो, पण बाहेरचा दाब घटत गेल्याने फुगा फुगत जातो. ठोकळ हिशेबासाठी असे धरू की दर सात किलोमीटर उंचीमागे दाब सुमारे २.७ पटीने उतरतो आणि घनफळ तितक्या पटीने वाढते. मग घनफळ सेकंदाला सुमारे ०.०७१ टक्क्याने आणि त्रिज्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने, ०.०२४ टक्क्याने वाढते, आणि ही टक्केवारी चढणीभर जवळपास तशीच राहते. सोडताना त्रिज्या ०.८ मीटर असली तर ती सेकंदाला ०.१९ मिलिमीटरने वाढत असते. पाऊण तासाहून थोड्या जास्त वेळाने ती दुप्पट होते, तेवढ्याच वेळाने पुन्हा दुप्पट. २९ किलोमीटरच्या आसपास ती ३.२ मीटर असते आणि तेव्हा सेकंदाला ०.७६ मिलिमीटरने वाढत असते. हा फुगा मंदावला नाही, उलट चौपट वेगावला. पंपाच्या फुग्याची आणि याची भूमिती तीच, एकास दोनास तीन हे प्रमाणही तेच. फक्त घड्याळ वेगळे. त्रिज्या चौपट झाली, पृष्ठफळ सोळापट, घनफळ चौसष्टपट. रबर मात्र तेवढेच होते. ते सोळापट पृष्ठावर ताणले गेल्याने त्याची जाडी सोळाव्या हिश्श्यावर येते. हा फुगा शेवटी फुटतो त्याचे मर्म इथेच आहे.

आणखी दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा की बाजारातला फुगा गोल नसतो, पेरूसारखा निमुळता असतो. खरे आहे. पण आकार तोच राहून फुगा सर्व बाजूंनी सारख्याच पटीत मोठा होत असेल, तर टक्क्यांचे प्रमाण तेव्हाही एकास दोनास तीनच राहते. कोसळतो तो सगळीकडे सारख्या जाडीच्या थराचा युक्तिवाद, कारण तो गोलापुरता आहे. शिवाय आतला दाब बाहेरच्यापेक्षा काही टक्के जास्त असतो, त्यामुळे पंपातली हवा आत गेल्यावर किंचित आकसते. हिशेबातली चूकही तेवढ्याच बेताची राहते.

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे. तोंडाने फुगा फुगवणारा प्रत्येकजण सांगेल की पहिली फुंकर सर्वांत जड जाते, गाल दुखतात. आणि हे गणित म्हणते की सुरुवातीलाच त्रिज्या सर्वांत भराभर वाढते. मग खोटे कोण? कोणीच नाही. जड जाणे हा रबराचा गुण आहे. रबर ताणायला सुरुवात होते तेव्हा लागणारा दाब चढत जातो, फुगा थोडा मोठा झाल्यावर तो शिगेला पोचतो आणि मग बराच काळ उतरतो. समीकरणात दाब नाही, रबर नाही, गालही नाहीत. हवा इतकी आत गेली असेल तर त्रिज्या किती हलली, एवढेच ते सांगते. हवा आत घालायला किती कष्ट पडले, हे त्याला विचारू नये.

तेव्हा यापुढे कोणी विचारले की फुगा किती वेगाने फुगतो, तर उलट दोन प्रश्न विचारावेत. काय मोजता आहात, आणि हवा कोण भरते आहे? पहिल्याचे उत्तर गोल देतो, दुसऱ्याचे गोल कधीच देणार नाही.