बाहेरून फिरून येणारा रस्ता

मित्रमैत्रिणींनो,

तिसऱ्या प्रश्नाला दहापैकी सहाच मार्क दिल्यामुळे तुमच्यातले निम्मे जण माझ्याशी धड बोलत नाहीयेत. काल एकीने जिन्यातच गाठून विचारलं, "दादा, अल्गोरिदम बरोबर आहे, उत्तर बरोबर आहे, मग कापलं काय?" जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र.

प्रश्न डायक्स्ट्राचा होता. ग्राफमधल्या एजेसना वजनं आहेत, एकही वजन शून्याखाली नाही, आणि अ या नोडपासून बाकी सगळ्यांपर्यंतचं कमीत कमी अंतर काढायचं आहे. पद्धत तुम्हाला पाठ आहे. काही नोड 'पक्के' झालेले असतात, बाकीच्यांना तात्पुरतं अंतर असतं. त्यातलं सर्वात कमी अंतर ज्याचं, तो नोड उचलून पक्का करायचा, त्याच्या शेजाऱ्यांची अंतरं सुधारायची आणि पुन्हा तेच. पक्क्या झालेल्या नोडचं अंतर खरोखरच अंतिम असतं, हे तुम्हाला सिद्ध करायचं होतं.

तुम्ही बहुतेकांनी लिहिलंय ते असं: ब आपण उचलला, कारण त्याचं तात्पुरतं अंतर सर्वात कमी आहे. दुसऱ्या कुठल्याही पक्क्या नोडवरून थेट ब ला आलो तरी यापेक्षा कमी अंतर मिळत नाही. म्हणून हे अंतर अंतिम आहे.

पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसरं त्यांच्यातून निघत नाही.

मी ते कसं पकडलं? तुमची सिद्धता वाचताना मी फक्त एक गोष्ट शोधत होतो: 'वजन शून्याखाली नाही' ही अट तुम्ही कुठे वापरलीत? वरती दिलेली माहिती म्हणून ती सगळ्यांनी उतरवली आहे. खाली कुठेच नाही. मग मी ती खोडली आणि तुमची सिद्धता पुन्हा वाचली. तिला काही फरकच पडला नाही. याचा अर्थ, उणे वजनं असली तरी डायक्स्ट्रा बरोबर चालतो, असं तुम्ही सिद्ध करून बसला आहात.

आता हा ग्राफ काढा. तीनच नोड. अ पासून ब ला बाण, वजन 2. अ पासून क ला बाण, वजन 3. क पासून ब ला बाण, वजन −2. अल्गोरिदम अ नंतर ब उचलतो, कारण 2 हे 3 पेक्षा कमी, आणि ब ला 2 वर पक्कं करून टाकतो. पण क वरून गेलात तर 3 मधून 2 गेले, 1. अंतर चुकलं, आणि तुमचं प्रत्येक वाक्य या ग्राफलाही जसंच्या तसं लागू पडतं.

(उणे वजन म्हणजे निव्वळ परीक्षेतला खोडसाळपणा नव्हे. रस्त्याची लांबी उणे होत नाही हे खरं, पण वजन म्हणजे इलेक्ट्रिक गाडीची खर्च झालेली बॅटरी धरलीत, तर घाट उतरताना ती थोडी परत भरते. त्या एजचं वजन उणेच लिहावं लागेल.)

तुमच्याकडून सुटला तो नेमका हा रस्ता: पक्क्यांच्या घोळक्यातून बाहेर पडून, अजून पक्क्या न झालेल्या क वरून फिरून ब ला येणारा. तुम्ही तुलना केलीत ती फक्त पक्क्या नोडवरून थेट येणाऱ्या रस्त्यांशी.

तो असा धरायचा. अ पासून ब पर्यंतचा कुठलाही रस्ता घ्या, कितीही वाकडातिकडा. अ पक्का आहे आणि ब अजून नाही, म्हणजे कुठेतरी हा रस्ता पहिल्यांदा घोळक्याबाहेर पडतोच. बाहेरचा तो पहिला नोड य म्हणा. य च्या आधीचा नोड पक्का आहे, त्याचं अंतर इंडक्शनने बरोबर आहे आणि तो पक्का होताना य चं अंतर सुधारलं गेलं आहे. म्हणून य पर्यंतचा तुकडा य च्या तात्पुरत्या अंतरापेक्षा कमी असू शकत नाही. आणि य चं तात्पुरतं अंतर ब च्या अंतरापेक्षा कमी नाही, नाहीतर आपण ब ऐवजी य उचलला असता.

आता राहिला य पासून ब पर्यंतचा तुकडा. त्यातलं एकही वजन उणे नाही, म्हणून त्याची बेरीज शून्य किंवा जास्त. अट वापरली गेली ती इथे, या एका ओळीत. तेव्हा अख्खा रस्ता ब च्या अंतराहून लहान असूच शकत नाही. य म्हणजे खुद्द ब च निघाला तर हा तुकडा रिकामा, आणि तेवढाच भाग तुम्ही लिहिला होता.

सहा मार्क त्याचे आहेत.

सेकंड इयरला माझ्या पेपरावर याच जागी पेन्सिलने लिहिलेलं होतं, "अट कुठे गेली?" मी आठवडाभर ते पेपर तपासणाऱ्याचं अज्ञान समजत होतो.

शुक्रवारी सहा वाजेपर्यंत पुन्हा लिहून द्या, मी उरलेले मार्क वाढवीन. देण्याआधी वरचा तीन नोडांचा ग्राफ स्वतःच्या सिद्धतेत घालून बघा आणि ती कुठल्या ओळीवर मोडते तिथे खूण करा. कुठेच मोडली नाही, तर शुक्रवारच्या आत मला भेटा.

तुमचा,
टीए