हिरवा ठिपका

सासूबाईंचा फोन संध्याकाळपर्यंत टिकेना. बॅटरी बदलायला हवी असं घरात ठरतच होतं, तेवढ्यात मला स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला. फोन टेबलावर पडून होता, कुणाशी बोलणं चालू नव्हतं.

अँड्रॉइडच्या १२व्या आवृत्तीपासून कॅमेरा किंवा माइक चालू झाला की तिथे क्षणभर चिन्ह उमटतं आणि मग त्याचा ठिपका होतो. दोन्हींसाठी रंग हिरवाच, त्यामुळे नुसत्या ठिपक्यावरून काय चालू आहे ते कळत नाही. आयफोनवर माइकला नारिंगी आणि कॅमेऱ्याला हिरवा, हे मला जास्त सोयीचं वाटतं.

वरून पडदा खाली ओढला, तर ठिपक्याच्या जागी माइक दिसला. त्यावर बोट टेकवल्यावर ॲपचं नाव आलं: आवाज रेकॉर्ड करणारं ॲप. दुपारी भजनी मंडळात नवी चाल टिपून घेतली होती, ते रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. "म्हणजे तुमचं-माझं सगळं बोलणं त्यात गेलं?" सासूबाईंनी विचारलं. गेलं होतं, पण फोनमधल्याच फाइलमध्ये. ती पुसून टाकली.

आता हात घातलाच आहे तर पुढचंही पाहू म्हणून सेटिंग्जमध्ये Privacy dashboard उघडला. तिथे Microphone वर गेलं की कोणत्या ॲपने किती वाजता माइक घेतला, याची गेल्या २४ तासांची नोंद मिळते. रेकॉर्डर होता, व्हॉट्सॲपवरचा नणंदेचा कॉल होता आणि सकाळी सहाच्या सुमाराला पंचांगाचं ॲप! सासूबाई रोज उठल्यावर तिथी बघतात, ती वेळ. त्यात बोलून शोधायची सोय आहे, पण ती त्यांनी कधी वापरलेली नाही. मी ॲप बंद करून पुन्हा उघडलं. कुठेही बोट न लावता ठिपका लागला.

ऐकलेलं कुठे पाठवलं, हे ना ठिपका सांगतो ना ती नोंद. माइक कुणी घेतला आणि कधी, एवढंच कळतं. त्यामुळे पंचांगवाले चोर आहेत असं मी म्हणणार नाही. पण तिथी दाखवायला माइक लागत नाही. नोंदीतल्या त्या नावावर बोट ठेवून परवानगीच्या पानावर गेले आणि Don't allow निवडलं. तिथी, नक्षत्र, राहुकाळ सगळं पूर्वीसारखंच दिसतं. हवामानाच्या एका ॲपलाही कॅमेरा दिलेला होता, तोही काढला.

बॅटरी बदलावी लागली नाही. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमधली ही नोंद एकदा त्यांना शेजारी बसवून बघा. कोणतं ॲप कशासाठी वापरतो, हे त्यांनाच ठाऊक असतं.